हॉटेलातल्या कामगारांसाठी गणवेश आणि स्वच्छतेची कडक नोटीस: लिहायची कशी, पाळली जाईल अशी करायची कशी

माझं सोलापुरात जेवणाचं हॉटेल आहे. सोळा माणसं कामाला आहेत, नऊ आत भटारखान्यात आणि सात बाहेर. काही वर्षांपूर्वी मी भिंतीवर एक नोटीस लावली होती. तिचा मजकूर आजही पाठ आहे: ‘सर्व कर्मचाऱ्यांना सूचित करण्यात येते की, उद्यापासून सर्वांनी स्वच्छ गणवेशात यावे, नखे कापावीत, दाढी करावी, टोपी घालावी. नियम मोडल्यास पगारातून शंभर रुपये कापण्यात येतील. हुकमावरून.’

पहिले दोन दिवस सगळे टोप्या घालून दिसले. आठव्या दिवशी टोप्या खुंटीवर आणि नोटिशीवर हळदीचे डाग. मी आमच्या मुख्य आचाऱ्यांना, वस्तादांना, जरा चढ्या आवाजात विचारलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “मालक, ड्रेस दोनच दिलेत. एक अंगावर, एक ओला. घरी पाणी चार दिवसांनी येतं. रोज धुवायचा कशात?” टोपीचं विचारलं तर म्हणाले, “तंदूरपाशी ती कागदी टोपी घालून उभं राहून बघा एकदा.”

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. दुसरी नोटीस लिहायला मला सहा आठवडे लागले. त्यातले कागदावर लिहिण्याचे दोन दिवस, बाकीचे तयारीचे. ती नोटीस आजही लागू आहे. ती कशी तयार झाली ते क्रमाने सांगतो. आपल्या हॉटेलाच्या मापाने आकडे बदलून घ्या.

आधी एक दिवस नुसतं बघा

नियम लिहायला बसण्याआधी दुपारी बारा ते तीन, ऐन गर्दीत, भटारखान्याच्या कोपऱ्यात वही घेऊन उभे राहा. कोणाला काही बोलू नका. एकच गोष्ट टिपा: माणसाचा हात कशाकशाला लागतो आणि त्यानंतर कुठे जातो.

मी एका वेटरच्या खांद्यावरच्या नॅपकिनवर नजर ठेवली होती. टॉवेल-नॅपकिनचं गाव आपलं, त्यामुळे प्रत्येकाच्या खांद्यावर एक असतोच. वीस मिनिटांत त्या एका नॅपकिनने त्याने कपाळाचा घाम पुसला, रिकामं झालेलं टेबल पुसलं, रश्श्याचा ओघळ आलेली ताटाची कड पुसली आणि शेवटी पाण्याचा ग्लास आतून पुसून गिऱ्हाइकापुढे ठेवला. पोरगा घाणेरडा नव्हता. उलट ग्लास पुसून द्यावा इतका तो काळजी घेणारा होता. त्याच्याकडे कापड एकच होतं आणि कामं चार, एवढाच त्याचा दोष. ‘स्वच्छता राखावी’ असं लिहून हे कधीच सुटलं नसतं.

त्या तीन तासांत माझ्या वहीत आणखी काही गोष्टी आल्या. कांदा चिरणाऱ्याच्या बोटाला जुनं फडकं गुंडाळलेलं होतं. हेल्पर मागच्या दाराशी तळहातावर तंबाखूचा मावा मळून परत आला आणि थेट कोथिंबिरीला हात घातला. भांडी घासणारा पोऱ्या ओल्या शहाबादी फरशीवर रबरी चपलेत दोनदा घसरला. वस्ताद खिशातून काडेपेटी काढायला वाकले तेव्हा वरच्या खिशातलं पेन भाजीच्या पातेल्याच्या काठावर पडलं. इंचभर आत पडलं असतं तर भाजीत गेलं असतं.

ही यादी हाच नोटिशीचा कच्चा माल. जे आपल्या हॉटेलात घडताना दिसलं तेवढ्यावरच नियम करा. माझ्या वहीतून सात नियम निघाले. वीस नियमांची नोटीस कोणी वाचत नाही, आणि वाचली तरी त्यातलं मोठं कोणतं, बारीक कोणतं हे कळत नाही.

मालकाच्या बाजूची सोय आधी

प्रत्येक नियमापुढे एक रकाना आखा: ‘यासाठी हॉटेल काय देणार’. रकाना रिकामा राहिला तर तो नियम अजून लावायच्या लायकीचा झालेला नाही.

गणवेशाचं घ्या. माणशी तीन जोड लागतात. एक अंगावर, एक धुवायला, एक कपाटात तयार. दोन जोडांत हिशेब बसत नाही, कारण एखादा दिवस कपडे वाळले नाहीत किंवा सकाळीच अंगावर रस्सा सांडला की माणूस कालचाच घालून उभा राहतो. सोळा माणसांचे अठ्ठेचाळीस जोड झाले. आपल्याकडे गणवेश शिवणारे कारखाने भरपूर आहेत, त्यामुळे मापं देऊन शिवून घेणं अवघड नाही. फक्त शाळेच्या गणवेशाचं मिश्र कापड भटारखान्यासाठी घेऊ नका. पॉलिस्टर घाम शोषत नाही आणि जाळाजवळ वितळून कातडीला चिकटतं. आतल्या माणसांना सुती कापड, फिका रंग. काळा किंवा गडद तपकिरी रंग डाग लपवतो म्हणून पुष्कळ जण घेतात. पण डाग दिसला पाहिजे, म्हणजे कपडा बदलायची वेळ कळते. वरचा खिसा शिवूच नका. बटणांऐवजी टिचबटणं लावा, म्हणजे तुटून पिठात पडायची भीती राहत नाही.

कपडे धुण्याचं काम मी हॉटेलकडे घेतलं. आमच्या माणसांच्या वस्त्यांत नळाला पाणी दिवसाआड काय, कधी चार-पाच दिवसांआड येतं. ते साठवलेलं पाणी त्यांनी माझ्या गणवेशावर घालवावं अशी अपेक्षा धरणं मला आता चुकीचं वाटतं. शिवाय माणूस घरून गणवेश घालूनच गाडीवर आला की रस्त्याची धूळ भटारखान्यात येते. म्हणून कपडे इथेच बदलायचे, इथेच टाकायचे, इथेच धुवायचे. त्यासाठी सोळा खुंट्या आणि सोळा छोटे कप्पे लागले, एवढंच.

टोपीच्या बाबतीत वस्तादांचं ऐकलं. कागदी टोपी घामाने दोन तासांत भिजते आणि तंदूरजवळ ती धोक्याचीही आहे. आम्ही सुती टोप्या शिवल्या, कपाळावर येणाऱ्या पट्टीला आतून टेरीचं कापड लावून. घाम पट्टीत मुरतो, डोळ्यात उतरत नाही, त्यामुळे हात कपाळाकडे जायचं थांबलं. टोपी केसासाठी असते हे सगळ्यांना माहीत असतं. पण आमच्याकडच्या एप्रिल-मेमध्ये, पारा चाळिशीच्या वर असताना, घामासाठी तिचा जास्त उपयोग होतो.

आता हात धुण्याचा हिशेब. भटारखान्यातल्या माणसाला दिवसात निदान बारा वेळा हात धुवावे लागतात: आल्यावर, संडासला जाऊन आल्यावर, कच्चं मटण-कोंबडी किंवा अंडी हाताळल्यावर, कचरा उचलल्यावर, शिंकल्या-खोकल्यावर, खाऊन-तंबाखू खाऊन आल्यावर, पैशाला किंवा मोबाइलला हात लागल्यावर. नऊ माणसांचे झाले एकशे आठ वेळा. बाहेरची सात माणसं सहा-सहा वेळा धरली तर बेचाळीस. एकूण दीडशे. आम्ही नळाखाली बादली ठेवून मोजलं. साबण लावताना नळ चालू ठेवला तर एका धुण्याला तीन लिटरच्या आसपास पाणी जातं, बंद ठेवला तर एक लिटरमध्ये काम होतं. म्हणजे साडेचारशे लिटर की दीडशे, एवढा फरक. पाणी मोजून वापरणाऱ्या गावात हा फरकच ठरवतो की लोक हात धुतील की नुसते बुचकळतील. दोनशे लिटरची वेगळी टाकी बसवली आणि तिला कोपराने फिरवता येणारा लांब दांडीचा नळ लावला. साबणाचा हात नळाला लावावा लागत नाही, म्हणून लोक तो मधे बंदही करतात. हे बेसिन फक्त हातांसाठी. तिथे भाजी धुवायची नाही की चहाचे कप विसळायचे नाहीत.

हात पुसायला एकच टॉवेल टांगला तर धुतलेलं सगळं फुकट जातं. इथे आपल्या गावाचा फायदा घ्या. वीतभर लांबीचे पांढरे टेरी नॅपकिन घाऊक घेतले, तीनशे. एक उचलायचा, हात पुसायचे, खालच्या टोपलीत टाकायचा. रात्री ते पातेल्यात साबणाच्या पाण्यात दहा मिनिटं उकळायचे आणि सकाळी गच्चीवर उन्हात घालायचे. टेबल पुसायला निळं फडकं, ताटाची कड पुसायला कागद. ग्लास पुसणं बंदच केलं. टेरीचे तंतू काचेला चिकटतात, म्हणून ग्लास धुऊन जाळीवर उपडे निथळत ठेवतो.

कारण असं लिहा की ते जागेवर दिसेल

‘आरोग्याच्या दृष्टीने’ हे कारण नाही, तो शिक्का आहे. नियमाचं कारण त्या माणसाच्या कामाच्या जागेवर त्याला डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

बोटाच्या जखमेचं उदाहरण घेऊ. पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं, ‘जखम झाल्यास पट्टी बांधावी.’ कांदा चिरणाऱ्याने बांधलीच होती की पट्टी, फडक्याची. दुसऱ्या मसुद्यात लिहिलं: ‘पिकलेल्या जखमेत जे जंतू असतात ते भाजीत किंवा शिजलेल्या भातात पडून गरम हवेत वाढतात आणि विष तयार करतात. अन्न पुन्हा उकळलं तर जंतू मरतात, पण ते विष मरत नाही. खाणाऱ्याला काही तासांतच उलट्या सुरू होतात.’ स्टॅफिलोकोकस ऑरियस हे त्या जंतूचं नाव. नोटिशीत ते नको, पण लिहिणाऱ्याला माहीत असावं. हाच जंतू निरोगी माणसाच्या नाकातही असतो, म्हणून नाकाला हात लागला की हात धुवायचे. ‘उकळलं की सगळं मरतं’ ही भटारखान्यातली पक्की समजूत आहे. ती नाव घेऊन खोडल्याशिवाय नियम मनात उतरत नाही.

पट्टी निळ्या रंगाची आणतो, कारण निळ्या रंगाचं खाणं आपल्याकडे नसतं. सुटून पडली तर लगेच दिसते. वरून हातमोजा. हातमोजा मात्र सगळीकडे सक्तीचा करू नका. भाकरी थापणाऱ्या आणि तंदूरवाल्या हाताला प्लास्टिकचा मोजा धोक्याचा आहे, तो वितळतो. शिवाय मोजा घातला की माणूस हात धुणं विसरतो आणि त्याच मोज्याने पैसे, फोन, कोशिंबीर सगळं हाताळतो. आम्ही मोजा दोनच ठिकाणी ठेवला: जखमेवर, आणि पुन्हा न शिजणारे पदार्थ म्हणजे कोशिंबीर, चिरलेला कांदा-लिंबू वाढताना.

माव्याचं कारण लिहिताना व्यसनावर प्रवचन देऊ नका, तो मालकाचा अधिकार नाही. हात तोंडात जातो, लाळ बोटाला लागते, तीच बोटं कोथिंबिरीत जातात. एवढंच लिहा. आणि मग सोय: मधल्या सुट्टीत दाराबाहेर, परत येताना बेसिन. भटारखान्यात तोंडात काही नको.

एक गोष्ट प्रामाणिकपणे वेगळी ठेवा. काही नियम अन्नासाठी असतात, काही कामगाराच्या अंगासाठी आणि काही निव्वळ दिसण्यासाठी. बंद बूट हा अन्नाचा नियम नाही. गरम तेल आणि ओली शहाबादी यांच्यासाठी तो आहे, तसंच लिहा. वेटरचा इस्त्रीचा शर्ट, विंचरलेले केस हे दिसण्यासाठी. त्याला स्वच्छतेचा मुलामा दिला की पोरं ओळखतात आणि बाकीच्या कारणांवरचाही विश्वास उडतो. दाढीचं तसंच. बाहेर वाढणाऱ्याची दाढी नीट कातरलेली असली की पुरे. आत पदार्थ करणाऱ्याची दाढी लांब असेल तर तिला जाळी. ‘रोज दाढी करावी’ हा सरसकट नियम मी काढून टाकला. धर्मासाठी दाढी राखणारी माणसं माझ्याकडे आहेत, आणि जाळीने काम भागतं तिथे वस्तरा मागायचं कारण नाही.

बांगड्यांचा प्रश्न

सगळ्यात अवघड नियम हाच होता. अन्नाला हात लावणाऱ्याने दागिने, घड्याळ घालू नये हे कायद्याच्या नियमावलीतही आहे. कारणही साधं आहे: अंगठीखाली आणि बांगडीखाली ओलं पीठ साचतं, तिथे साबण पोचत नाही. काचेची बांगडी परातीच्या काठावर आपटून फुटली तर काच पिठात जाते आणि ज्वारीच्या पिठात ती दिसत नाही. पण आमच्या भाकरीवाल्या मावशी सवाष्ण. त्यांना ‘उद्यापासून हात मोकळे’ असं लिहून सांगणं म्हणजे अपमान करणं.

मी नोटीस लिहायच्या आधी त्यांना विचारलं. अडचण सांगितली, काच पिठात टाकून दाखवली. त्यांनी पीठ दोनदा चाळून घेतलं तेव्हा कपची सापडली. मग त्याच म्हणाल्या, “भैया, काचेच्या घरी काढून ठेवते. एकेक पाटली ठेवते आणि वर सरकवते. त्यावर काहीतरी घट्ट शिवून द्या.” आम्ही मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत जाणारी, दोन्ही टोकांना इलास्टिक असलेली सुती बाही शिवून घेतली. पाटली कोपराकडे सरकवायची, वर बाही चढवायची, मनगट धुवायला मोकळं. मंगळसूत्र पोलक्याच्या आत. आणि मंगळसूत्राला किंवा बांगडीला अडकवलेल्या सेफ्टी पिना बाहेर. या पिना नोटिशीत नाव घेऊन लिहा, कारण त्यांना कोणी दागिना समजत नाही आणि त्या सुटून पडतात.

पुरुषांच्या मनगटावरच्या गंडा-दोऱ्यांचंही असंच. जानेवारीत आमच्याकडे सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते, त्या यात्रेत बांधलेला दोरा पुढच्या वर्षीपर्यंत ओलाच असतो. तो तोडायला सांगितला नाही, दंडावर बांधायला सांगितला. ज्या लिंगायत माणसांच्या गळ्यात इष्टलिंग आहे त्यांनी ते गणवेशाच्या आत घ्यायचं, दोरी बाहेर लोंबू द्यायची नाही. श्रद्धेच्या वस्तूसाठी जागा सुचवली की माणसं स्वतःहून मदत करतात. तोडायला सांगितलं की दुसरा कोणताही नियम ऐकत नाहीत.

आजारी माणूस आणि पगार

जुलाब किंवा उलट्या होणाऱ्या माणसाने अन्नाजवळ येऊ नये, आणि त्रास पूर्ण थांबल्यावरही दोन दिवस, म्हणजे अठ्ठेचाळीस तास, येऊ नये. बरं वाटलं तरी जंतू शौचातून बाहेर पडत असतात. कावीळ किंवा टायफॉइड असेल तर डॉक्टरची चिठ्ठी आल्याशिवाय कामावर घ्यायचं नाही.

हा नियम लिहिणारा मालक त्या दिवसांचा पगार देणार नसेल तर तो आजार लपवायलाच शिकवतो. रोजंदारीवरचा हेल्पर तीन दिवसांची मजुरी सोडून ‘मला जुलाब होतायत’ असं सांगणार नाही. म्हणून आमच्या नोटिशीत स्पष्ट आहे: सांगितलं तर पगार चालू, लपवलं तर शिस्तीची कारवाई. वर्षभरात हा खर्च मला जेमतेम काही दिवसांच्या मजुरीएवढा आला. शक्य असेल तेव्हा बरा होत आलेला माणूस गल्ल्यावर किंवा कोरड्या मालाच्या हिशेबाला बसवतो.

वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी, आतड्याच्या आजारांवरची लस आणि त्यांच्या नोंदी हे अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ खालच्या २०११ च्या परवाना नियमावलीत, अनुसूची ४ मध्ये आहे. खर्च हॉटेलचा, हे नोटिशीत लिहून टाका.

दंड लिहिण्याआधी

शंभर रुपये कापण्याची माझी धमकी कायद्यातही बसत नव्हती. पगारातून दंड कापायचा तर कोणत्या चुकीला दंड हे आधी सरकारी मंजुरीने जाहीर केलेलं असावं लागतं, माणसाला आपली बाजू मांडू द्यावी लागते, आणि एका पगाराच्या मुदतीतला दंड त्या पगाराच्या तीन टक्क्यांच्या पुढे नेता येत नाही. शिवाय दंड भरला की माणसाला वाटतं हिशेब मिटला, टोपी पुन्हा खुंटीवर. मी दंड पूर्ण काढला. त्याच्या जागी एकच ठेवलं: नियम पूर्ण केल्याशिवाय भट्टीपाशी किंवा टेबलापाशी उभं राहायचं नाही. नखं वाढलेली असतील तर नेलकटर कप्प्यात आहे, पाच मिनिटं बाजूला बसून काप आणि ये.

नोटीस

हा आमचा मजकूर, जसा भिंतीवर आहे तसा.

> सर्वांना नमस्कार.
>
> सोमवारपासून पंधरा दिवसांनी खालील नियम कडक होतील. तोपर्यंत सवय करायची, चूक झाली तर फक्त सांगितलं जाईल.
>
> कपडे. इथे येऊन गणवेश घालायचा, जाताना इथेच टाकायचा. रस्त्याची धूळ आत येऊ नये म्हणून. प्रत्येकाला तीन जोड मिळतील, धुलाई हॉटेलची. संडासला जाताना अ‍ॅप्रन बाहेरच्या खुंटीला.
>
> टोपी आणि दाढी. आत काम करणाऱ्यांनी टोपी पूर्ण वेळ. केस आणि घाम अन्नात पडू नये म्हणून. लांब दाढीला जाळी. बाहेरच्यांनी केस विंचरलेले, दाढी कातरलेली ठेवायची. हे गिऱ्हाइकाला बरं दिसावं म्हणून.
>
> हात. येताच, आणि संडास, कच्चं मटण-अंडी, कचरा, शिंक, खाणं, तंबाखू, पैसे, मोबाइल यांनंतर साबणाने वीस सेकंद. बोटांच्या बेचक्या आणि अंगठे विसरायचे नाहीत. नॅपकिन एकदाच वापरायचा. खांद्यावर नॅपकिन नको, कारण तोच घाम आणि तोच ताट पुसतो.
>
> नखं आणि दागिने. नखं कापलेली, नेलपॉलिश नाही. अंगठी, घड्याळ, काचेच्या बांगड्या, सेफ्टी पिना कप्प्यात. काच आणि पिन पिठात दिसत नाही. पाटली बाहीखाली, मंगळसूत्र आणि लिंग कपड्याच्या आत, दोरा दंडावर.
>
> तोंड. भटारखान्यात मावा, तंबाखू, सुपारी, खाणं नाही. हाताला लागलेली लाळ अन्नात जाते.
>
> पाय. बंद बूट, न घसरणारा तळ. गरम तेल आणि ओल्या फरशीपासून तुमच्याच पायासाठी. बूट हॉटेल देईल.
>
> जखम आणि आजार. कापलं, भाजलं, पिकलं तर आधी दाखवा. निळी पट्टी आणि मोजा मिळेल. जुलाब-उलटी झाली तर फोन करा, येऊ नका. थांबल्यानंतर दोन दिवस घरी. पगार चालू राहील. आजार लपवला तर मात्र कारवाई होईल.
>
> हे नियम मालकालाही लागू आहेत. कोणाला अडचण असेल तर चार वाजता येऊन सांगा, मार्ग काढू.

वाचून दाखवणं आणि पहिले तीन आठवडे

नोटीस भिंतीवर लावणं ही शेवटची पायरी. आधी दुपारी चार वाजता, गर्दी ओसरल्यावर, सगळ्यांना बसवून वाचायची. आमच्यात तेलुगू आणि कन्नड घरी बोलणारे आहेत. मराठी सगळ्यांना समजतं, पण कारणं आपल्या भाषेत ऐकली की प्रश्न विचारले जातात. म्हणून कॅप्टनने तेलुगूत आणि तंदूरवाल्याने कन्नडमध्ये प्रत्येक मुद्दा पुन्हा सांगितला. व्हॉट्सअॅपवर फोटो टाकून मोकळं होऊ नका. वाचता न येणारा माणूस ते कधीच सांगत नाही. जानेवारीतली यात्रा आणि लग्नसराई या काळात नवीन नियम सुरू करू नका, गर्दीत पहिल्याच दिवशी ते मोडतात.

पाळलं जातंय की नाही हे गणवेशावरून कळत नाही, तो सगळे घालतात. हात धुणं लपतं. त्यासाठी रात्री नॅपकिनची टोपली मोजा. आतली नऊ माणसं बारा-बारा वेळा हात धुणार असतील तर शंभराच्या आसपास नॅपकिन पडायला हवेत. पहिल्या आठवड्यात आमच्या टोपलीत एकतीस निघाले. मी रागावलो नाही, बेसिनपाशी उभा राहिलो. दिसलं असं की बेसिन भांड्यांच्या मोरीच्या पलीकडे होतं आणि तिथे जायला भरलेल्या टपांवरून उडी मारावी लागायची. टप हलवले, तेव्हा आकडा चौसष्टवर गेला. तरी सायंकाळी कमीच. मग कळलं, सात वाजेपर्यंत साबणाची बाटली रिकामी होत होती आणि भरायचं काम कोणाचंच नव्हतं. ते हेल्परच्या सहा वाजताच्या कामात लिहिलं. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी मोजले तेव्हा सत्त्याण्णव होते.

चूक दाखवायची ती गिऱ्हाइकासमोर किंवा इतरांसमोर नाही. पहिल्यांदा तोंडी, दुसऱ्यांदा वहीत तारीख आणि सही, तिसऱ्यांदा बसून बोलणं. आणि त्या वहीत पहिलं नाव माझं आहे. चौथ्या दिवशी मी फोनवर बोलत टोपीशिवाय भटारखान्यात शिरलो, वस्तादांनी काही न बोलता खुंटीवरची टोपी काढून माझ्या हातात दिली. मी वही मागवली आणि तारीख टाकून सही केली.

सहा महिन्यांनी नोटीस पुन्हा काढून बघतो. मागच्या वेळी एकच बदल झाला: संडासाबाहेरची अ‍ॅप्रनची खुंटी दाराच्या मागे होती, दार उघडलं की झाकली जायची आणि लोक अ‍ॅप्रनसकट आत जायचे. ती समोरच्या भिंतीवर, छातीच्या उंचीवर लावली.